पगारवाढ मागताना या चुका टाळा: फाउंड्रीतल्या एका अर्जाची गोष्ट

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी क्वालिटी विभाग सांभाळतो. दरवर्षी पगारवाढीचे अर्ज माझ्याकडे येतात, आणि मेहनती माणसाचा अर्ज कच्च्या हिशोबामुळे मागे पडताना पाहून वाईट वाटतं. गेल्या वर्षीचा एक अर्ज सांगतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

आमच्या एका इंजिनिअरनं ब्लोहोलचं, म्हणजे वायू अडकून कास्टिंगला पडणाऱ्या छिद्रांमुळे होणारं, रिजेक्शन कमी केलं होतं. कास्टिंगच्या आतली पोकळ जागा घडवायला साच्यात वाळूचा कोअर बसवतात; त्यातला वायू बाहेर पडायची वाट, म्हणजे व्हेंट, बुजत होती. त्यानं प्रत्येक कोअर साच्यात बसवण्याआधी व्हेंट तपासायची पद्धत लावली आणि त्याची रोज नोंद ठेवली. त्या लाइनवर महिन्याला १२० टन कास्टिंग निघतं. आठ महिन्यांत रिजेक्शन ६ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलं, म्हणजे महिन्याला २.४ टन माल वाचला. काम खरंच चांगलं होतं.

त्यानं अर्जात लिहिलं, "मी कंपनीचे महिन्याला २ लाख ६४ हजार रुपये वाचवले." किलोला ११० रुपये हा विक्रीचा दर धरून त्यानं २.४ टनाला गुणलं होतं. इथंच चूक झाली. रिजेक्ट झालेलं कास्टिंग फेकून देत नाहीत, ते पुन्हा भट्टीत जातं. धातूची किंमत बरीचशी परत मिळते. बुडतो तो वितळवण्याचा, साच्याचा, कोअरचा आणि मजुरीचा खर्च. आमच्या हिशोबात तो किलोला सुमारे ३० रुपये बसला, म्हणजे महिन्याला ७२ हजार. साहेबांनी पहिल्याच मिनिटाला हे पकडलं, आणि मग पुढची सगळी चर्चा त्याच्या कामावर न होता त्या आकड्यावरच झाली.

म्हणून बचतीचा आकडा लिहिण्याआधी अकाउंट्सला जाऊन विचारा: "साहेब, एक किलो रिजेक्शनला आपला खर्च किती धरता?" त्यांनी दिलेला दर वापरला, तर आकडा लहान होतो पण टिकतो. ७२ हजार खोडून काढणं कुणालाही अवघड आहे.

दुसरी चूक त्याच अर्जात होती: "मी केलं." व्हेंट साफ करणारे कोअर शॉपमधले कामगार होते, आणि साहेबांना ते माहीत होतं. "तपासणीची पद्धत आणि नोंदी माझ्या, अंमलबजावणी कोअर शॉपची" एवढं लिहिलं असतं तर त्याचा वाटा उलट जास्त स्पष्ट दिसला असता. सोबत आठ महिन्यांचा तक्ता एका पानावर जोडा. फक्त चांगले महिने निवडू नका. पावसाळ्यात वाळूला ओल येऊन एखाद्या महिन्यात रिजेक्शन वाढलं असेल तर तेही राहू दे, कारणासह.

वेळेचंही बघा. एप्रिलपासून पगारवाढ लागू होत असेल, तर विभागाची रक्कम त्याआधीच ठरते. पत्रं हातात पडल्यावर केलेला अर्ज पुढच्या वर्षावर ढकलला जातो. जानेवारीत बोललेलं बरं.

आता मागणीचा आकडा. "हातात तीस हजार पाहिजेत" असं म्हटलं की गोंधळ होतो, कारण कंपनी सीटीसीवर, म्हणजे तुमच्यावर होणाऱ्या एकूण खर्चावर, विचार करते. समजा सीटीसी महिन्याला ३०,००० आणि बेसिक १५,०००. त्यातून कंपनीचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण ७२० जाते, मग तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापला जातो. हातात येतात साधारण साडेपंचवीस हजार. पगाराची स्लिप समोर ठेवून सीटीसीतच मागा, उदाहरणार्थ "३०,००० वरून ३४,५००, म्हणजे १५ टक्के".

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा पगार मात्र मध्ये आणू नका. "त्याला इतका, मग मला का नाही?" म्हटलं की साहेब त्या माणसाची बाजू मांडायला लागतात आणि तुमचा विषय सुटतो. पुण्याच्या पगाराशी तुलनाही इथं टिकत नाही. तुलना हवीच असेल तर शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पट्ट्यात त्याच पदाला, तितक्याच अनुभवाला मिळणाऱ्या पगाराशी करा.

सुरुवात साधी ठेवा: "सर, वीस मिनिटं वेळ हवा होता. ब्लोहोलचं काम आणि माझा पगार, दोन्हीबद्दल बोलायचंय." आवाज चढला, किंवा "नाहीतर मी सोडतो" तोंडातून गेलं, तर आठ महिन्यांचा तक्ता बाजूला पडतो. दुसरी ऑफर खरोखर हातात नसेल तर तो शब्द काढूच नका.

उत्तर बहुतेक वेळा "बघू" असंच येतं. तेव्हा गप्प उठू नका आणि वादही घालू नका. विचारा, "सर, कुठल्या गोष्टीची कमी वाटते? आणि परत कधी बोलायचं?" त्याच संध्याकाळी चार ओळींची मेल टाका: काय बोललो, काय मागितलं, पुढची तारीख. आमच्या त्या इंजिनिअरनं ७२ हजारांचा सुधारलेला तक्ता घेऊन जूनमध्ये पुन्हा वेळ मागितली. १५ टक्के मिळाले नाहीत, ९ मिळाले, आणि उरलेल्याचा विचार डिसेंबरमध्ये करू असं साहेबांनी मेलवर लिहून दिलं.