खरखरीत भिंत, खरखरीत फरशी आणि शिडी: किमान कोन काढताना या चुका टाळा

भिंतीला टेकवलेली शिडी घसरण्याआधी किती तिरकी ठेवता येईल, हा प्रश्न तीन समीकरणांत सुटतो. तरीही उत्तर वारंवार चुकते. गंमत म्हणजे चुका ठरलेल्या असतात, त्यामुळे चुकलेला आकडा पाहून गाडी कुठे रुळावरून घसरली हे बहुतेक वेळा ओळखता येते. त्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू.

शिडी ५ मीटर लांब, एकसारख्या जाडीची, वजन W = २०० न्यूटन. फरशीचा घर्षण गुणांक μ₁ = ०.४, भिंतीचा μ₂ = ०.३. शिडीचा फरशीशी कोन θ. फरशीची लंब प्रतिक्रिया N (वर), भिंतीची लंब प्रतिक्रिया R (भिंतीपासून बाहेर). घसरण्याच्या बेतात असताना शिडीचा पाया भिंतीपासून दूर सरकू पाहतो, म्हणून फरशीचे घर्षण भिंतीच्या दिशेने असते. वरचे टोक खाली सरकू पाहते, म्हणून भिंतीचे घर्षण वरच्या दिशेने असते. शिडी ताठ असल्यामुळे एक टोक सरकले की दुसऱ्यालाही सरकावेच लागते. त्यामुळे त्या क्षणी दोन्ही घर्षणे एकदमच कमाल मर्यादेला पोचलेली असतात.

```
आडवी बले:      R = μ₁N
उभी बले:       N + μ₂R = W
पायाभोवती टॉर्क: W(L/2)cosθ = R·L·sinθ + μ₂R·L·cosθ
```

पहिल्या दोन समीकरणांतून N = २००/१.१२, म्हणजे १७८.६ न्यूटन. R = ७१.४ न्यूटन आणि भिंतीचे घर्षण २१.४ न्यूटन. टॉर्कच्या समीकरणाला L cosθ ने भागले की लांबी निघून जाते आणि उरते:

```
tanθ = W/(2R) − μ₂ = (1 − μ₁μ₂)/(2μ₁)
```

इथे tanθ = १.१, म्हणून θ सुमारे ४७.७°. सूत्रात ना लांबी आहे ना वजन. अंतिम उत्तरात यांपैकी काही शिल्लक राहिले असेल, तर बेरीज-भागाकारात कुठेतरी गडबड आहे.

फरशीची प्रतिक्रिया वजनाइतकी धरणे

सपाट फरशी म्हणजे N = W, ही सवय इथे नडते. भिंतीचे घर्षण शिडीला थोडे उचलून धरते, म्हणून फरशीवर येणारा भार वजनापेक्षा कमी असतो. N = २०० धरला तर R = ८० येते, tanθ = ०.९५ आणि कोन ४३.५°. हा आकडा खऱ्यापेक्षा लहान आहे. म्हणजे कागदावर सुरक्षित दिसणारी शिडी प्रत्यक्षात घसरेल, म्हणून ही चूक सगळ्यांत वाईट. पकडायला मात्र सोपी: उभ्या बलांची बेरीज करा. २०० अधिक ०.३ × ८०, म्हणजे २२४ होतात आणि वजन तर २०० च आहे.

उत्तर ५४.५° आले तर

या आकड्याकडे जाणारे दोन वेगळे रस्ते आहेत. एक, भिंतीचे घर्षण खाली दाखवणे. दुसरा, ते उभ्या बलांत नीट घेणे पण टॉर्क लिहिताना विसरणे. पाया हा टॉर्कचा बिंदू घेतला की फरशीवरची दोन्ही बले समीकरणातून निघून जातात, आणि त्या ओघात भिंतीचे घर्षणही गळते. पण त्याची भुजा शून्य नाही, L cosθ आहे. दोन्ही चुकांत tanθ = १.४ येते, आणि हा योगायोग नाही. अक्षरे ठेवून सोडवले तर दोन्हीकडे (१ + μ₁μ₂)/(२μ₁) हीच राशी मिळते.

हे उत्तर चूक आहे हे कसे कळते? भिंत गुळगुळीत मानून, म्हणजे μ₂ = ० ठेवून कोन काढा. tanθ = १.२५, कोन ५१.३°. भिंत खरखरीत केल्यावर शिडी आणखी तिरकी ठेवता आली पाहिजे, म्हणजे कोन याहून कमी यायला हवा. ५४.५° सांगतो की खरखरीत भिंतीने काम अवघड केले, आणि तसे होणे शक्य नाही.

sin आणि cos ची अदलाबदल

शिडीचा कोन फरशीशी मोजला आहे की भिंतीशी, हे आकृतीत आधी लिहा. मग शिडी उभी करून बघा: θ = ९०° ला वजन बरोबर पायावर येते, त्याचा टॉर्क शून्य व्हायला हवा. cosθ तसा होतो, sinθ होत नाही. एवढी तपासणी पुरते.

घसरणीच्या बेतात नसतानाही f = μN वापरणे

शिडी ६०° वर आहे, तर भिंतीचे घर्षण किती? असा प्रश्न आला की अनेक जण सरळ μ₂R लिहून मोकळे होतात. घर्षण हे μN इतके असू शकते, ते तेवढेच असते असे नाही. ६०° वर चार अज्ञाते आहेत आणि समीकरणे तीनच. भिंतीचे घर्षण शून्य धरले तर R = ५७.७ न्यूटन येते, कमाल धरले तर ४९.२. दोन्ही वेळा फरशीला द्यावे लागणारे घर्षण तिच्या मर्यादेत राहते, म्हणून दोन्ही उत्तरे समतोलाला मान्य आहेत. प्रत्यक्षात कोणते लागू होईल हे शिडी कशी टेकवली, ती किती वाकते यावर ठरते. ताठ शिडीचे गणित त्याचे उत्तर देऊच शकत नाही. किमान कोनाला मात्र दोन्ही मर्यादा एकदम गाठल्या जातात आणि म्हणूनच तिथे एकच उत्तर मिळते.

माणूस चढल्यावर जुनाच कोन धरणे

४७.७° हा रिकाम्या शिडीचा कोन आहे. ६०० न्यूटन वजनाचा माणूस पायापासून ४ मीटर वर गेला की एकूण भार ८०० न्यूटन होतो आणि एकत्रित गुरुत्वमध्य वर सरकतो. तो शिडीच्या लांबीच्या कितव्या भागावर आहे हे x ने दाखवू: x = (२०० × ०.५ + ६०० × ०.८)/८०० = ०.७२५. वरचीच तीन समीकरणे पुन्हा मांडली की मिळते:

```
tanθ = x/μ₁ − μ₂(1 − x)
```

x = ०.५ ठेवले की जुने सूत्र परत येते. आता tanθ = १.७३, कोन ६०°. माणूस थेट टोकाला गेला तर x = ०.८७५, आणि कोन ६५.१°. पन्नास अंशांवर रिकामी शिडी खुशाल उभी राहते, माणूस पहिल्या पायऱ्याही बिनघोर चढतो, आणि घसरण होते ती शिडीच्या निम्म्याहून थोडे वर गेल्यावर.

याच सूत्रातले दुसरे पद नीट पाहा. भिंतीच्या घर्षणाला (१ − x) ने गुणले आहे. रिकाम्या शिडीत खरखरीत भिंतीने ५१.३° वरून ४७.७° पर्यंत सूट दिली होती. माणूस टोकाला असताना गुळगुळीत भिंतीचा कोन ६५.४° येतो, खरखरीत भिंतीचा ६५.१°. म्हणजे गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच भिंत जवळपास काही मदत करत नाही. सारा भार फरशीच्या घर्षणावर येतो. म्हणून प्रत्यक्ष शिडी लावताना μ₂ शून्य धरून गणित केले तरी फारसे नुकसान नाही.

शिडी वापरणारे चारास एक हे प्रमाण पाळतात: टेकण्याची उंची ४ मीटर असेल तर पाया भिंतीपासून १ मीटर. त्यात tanθ = ४, कोन सुमारे ७६°. आपल्या उदाहरणात माणूस टोकाला असताना त्यासाठी फरशीचा घर्षण गुणांक ०.८७५/४, म्हणजे साधारण ०.२२ तरी हवा. ०.४ च्या फरशीवर हे आरामात जमते. ओली किंवा तेलकट फरशी ०.२२ च्या खाली गेली, तर चारास एक पाळूनही पाया सरकतो, आणि मग तो बांधावा किंवा अडवावाच लागतो.