पास की रोजचं तिकीट?

म्हापसा-पणजी प्रवासाला गोव्याच्या सरकारी कदंब बसचा पास परवडेल का, हे पाहायला मी महिनाभर प्रत्येक फेरी डायरीत लिहिली: कदंब, खासगी बस की मित्राची स्कूटर.

सोयीसाठी तिकीट 40 रुपये आणि पास 1,400 रुपये धरू. म्हणजे 35 फेऱ्यांनंतरच पास फायद्याचा. कामाचे 25 दिवस, जाऊन-येऊन 50 फेऱ्या. कागदावर पासच सरस. पण हा पास खासगी बसला चालत नाही, आणि सकाळी थांब्यावर जी आधी येईल तिच्यात मी चढतो. कदंबच्या फेऱ्या जेमतेम निम्म्या निघाल्या. त्यांचं तिकीट हजारच्या आसपास, म्हणून पास घेतला नाही. सकाळीही कदंबच्या विनाथांबा शटलसाठी थांबायची तयारी असेल, तर गणित उलटतं. चवथीच्या महिन्याच्या नोंदी मात्र धरू नका. सुट्ट्यांमुळे फेऱ्या कमीच दिसतात.