म्हण सांगताना इंदूरकरांनो, या चुका टाळा

गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाचं निवेदन लिहायला घेतलं की आपल्या इंदूरच्या मराठी घरांत म्हणी हमखास आठवतात, पण अर्ध्या हिंदीतून. डोक्यात ‘घर की मुर्गी दाल बराबर’ असतं आणि कागदावर उतरतं ‘घरची कोंबडी वरणासारखी’. समोरच्या आजी विचारात पडतात की ही कोंबडी आली कुठून! शब्दशः उलथा केला की म्हणीचा ठेका जातो. आपल्याकडे त्याच्या जवळची म्हण तयार आहे, ‘पिकतं तिथं विकत नाही’. अर्थ तंतोतंत तोच नाही, पण पिकतं-विकत ही जोडी कानात बसलेली आहे. काही म्हणी मात्र दोन्हीकडे सारख्याच आहेत. ‘एका हाताने टाळी वाजत नाही’ बिनधास्त म्हणा.

दुसरी चूक शिकलेली माणसं जास्त करतात. म्हणीचं व्याकरण ‘सुधारतात’. ‘अडला हरी, गाढवाचे पाय धरी’ घ्या. ‘धरी’ हे ‘धरतो’चं जुनं रूप, बोलण्यात आता कोणी वापरत नाही. म्हणून कुणी लिहितं, ‘अडलेला हरी गाढवाचे पाय धरतो’. व्याकरण चोख, पण हरी-धरी हे यमक मोडलं आणि उरली नुसती बातमी, की कुणी हरी गाढवाच्या पाया पडतोय. जुनं रूप टिकलंय ते यमकामुळे. त्याला धक्का लावला की ऐकणाऱ्याला ही म्हण आहे हेच कळत नाही. शंका आली तर मोठ्याने म्हणून बघा. दोन तुकडे एकमेकांना टाळी देत नसतील तर काहीतरी हललंय.

म्हणजे एकही शब्द बदलत नाही असं नाही. ‘अडला नारायण’ म्हणणारीही घरं आहेत. पण तिथेही शेवटचं ‘धरी’ सहसा हलत नाही.

यातूनच तिसरा घोळ होतो, म्हण आणि वाक्प्रचार एकच समजण्याचा. ‘नाकी नऊ येणे’ हा वाक्प्रचार. तो वाक्याप्रमाणे फिरतो: माझ्या नाकी नऊ आले, तुझ्या येतील. म्हण अशी फिरत नाही. ‘मी अडलो आणि गाढवाचे पाय धरले’ हा गमतीचा प्रयोग झाला, आणि तो जमतो तो मूळ म्हण ऐकणाऱ्याला पाठ असते म्हणूनच. त्याच कारणाने अर्धी म्हणही चालते. ‘आधीच उल्हास...’ एवढं म्हणून सोडा, ‘फाल्गुन मास’ समोरून येतो. फक्त समोर मराठी न वाचलेली नातवंडं असतील तर पूर्ण म्हणा.

सत्कारसमारंभात मात्र जपून. ‘वासरात लंगडी गाय शहाणी’ ही शाबासकी नाही. बाकीचे वासरं म्हणून ही गाय शहाणी. म्हण नेमकी आठवत नसेल तर साध्या मराठीत कौतुक करावं, ते चांगलं.