पैशाची कार्यं लिहिताना होणाऱ्या चुका: भांडेवालीच्या सौद्यातून बघू या

अकरावी कॉमर्सच्या पेपरांमध्ये दरवर्षी दिसणारं एक उत्तर असं असतं: 'वस्तुविनिमयात अडचणी होत्या, म्हणून पैशाचा शोध लागला. पैसा विनिमयाचं माध्यम आहे, मूल्यमापनाचं साधन आहे, मूल्यसंचयाचं साधन आहे.' वाक्य खोटं नाही, पण यातलं एक कार्य दुसऱ्यापासून वेगळं कसं ओळखायचं ते लिहिणाऱ्याला कळलंय की नाही, हे त्यावरून समजत नाही. मग 'उदाहरण देऊन स्पष्ट करा' आलं की गडबड होते. 'दुकानात शंभराची नोट देऊन साखर घेतली' हे एकच उदाहरण तिन्ही कार्यांखाली येतं.

ही चूक टाळायची तर कुठल्याही व्यवहाराला तीन प्रश्न विचारा. किंमत कशात मोजली? देणं कशात चुकवलं? आणि दोन व्यवहारांच्या मधल्या काळात मूल्य कशात राहिलं? पहिल्याचं उत्तर म्हणजे मूल्यमापनाचं साधन, दुसऱ्याचं विनिमयाचं माध्यम, तिसऱ्याचं मूल्यसंचयाचं साधन. रोजच्या खरेदीत तिन्हींचं उत्तर 'रुपया' येतं आणि म्हणूनच ती कार्यं एकमेकांत मिसळतात. जिथे उत्तरं वेगवेगळी येतात, ते उदाहरण घ्या.

असं उदाहरण नागपूरच्या जुन्या वस्त्यांत अजून दारापर्यंत येतं. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली घेऊन जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई. समजा तिथल्या महाल भागातल्या एका घरी तिला तीन साड्या दाखवल्या आणि त्या बदल्यात एक पातेलं मागितलं. ती साडी पूर्ण उलगडते, काठ बघते, घडीवर कापड विरलंय का ते बोटाने ताणून पाहते. मग म्हणते, "ताई, एवढ्यात नाही जमत. एक पँट टाका अजून." घरची बाई पँट आणते, पण आता तिला वाटतं की आपण जास्त दिलं. "मग एक वाटी दे वरून." वाटी मिळते आणि सौदा पक्का होतो.

आता यात रक्कम भरू या, आकडे समजुतीसाठी आहेत. पातेलं भांडेवालीला 180 रुपयांना पडलंय. जुनी साडी तिच्याकडून 50 रुपयांना विकली जाईल. तीन साड्यांचे 150, म्हणजे 30 रुपये कमी. पँटचे 80 धरले की एकूण 230 होतात. 20 रुपयांची वाटी वर दिली तर तिचा माल गेला 200 चा, उरले 30. दारात एकही रुपया इकडून तिकडे गेला नाही, तरी तिने सगळा हिशेब मनात रुपयांत केला. विनिमयाचं माध्यम इथे कपडे आणि भांडी, मूल्यमापनाचं साधन मात्र रुपया. दोन कार्यं डोळ्यांसमोर वेगळी होतात.

याच सौद्यात वस्तुविनिमयाच्या अडचणीही सापडतात. तिला फक्त 30 रुपयांचा फरक भरून हवा होता, पण पँटचा तेवढाच तुकडा कापून देता येत नाही. पूर्ण पँट द्यावी लागली आणि उलट्या बाजूचा फरक वाटीने भरावा लागला. ही वस्तूंच्या अविभाज्यतेची अडचण. विद्यार्थी इथे 'गाय अर्धी करता येत नाही' लिहून थांबतात. फरक कोणी, कशाने भरला हे लिहा, उत्तर लगेच उजवं ठरतं.

दुसरी मोठी चूक इथेच होते. 'हे बघा, आजही वस्तुविनिमय चालतोच की' असा निष्कर्ष काढला जातो. पण भांडेवालीला त्या साड्या नेसायच्या नाहीत. जुन्या कपड्यांना रुपये देणारा बाजार आहे, म्हणून ती कुठलीही धड साडी घेऊ शकते. तिच्यासमोर वर्तमानपत्रांची रद्दी ठेवा. तुम्हाला पातेलं हवंय, तिला रद्दी नको, ती पुढच्या दारी जाते. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी 1875 मध्ये ज्याला नाव दिलं, तो गरजांच्या दुहेरी संयोगाचा अभाव हाच. मात्र तुम्ही रद्दी रद्दीवाल्याला विकून रुपये आणले आणि भांडी पैशांनी घेतली, तर अडचण संपते. म्हणजे ही अडचण विनिमयाचं माध्यम सोडवतं. ती मूल्यमापनाच्या खाली लिहिणं ही सरळ चूक आहे.

मूल्यमापन सोडवतं ती अडचण वेगळी, दर किती ठेवायचे ही. बाजारात 10 वस्तू असतील आणि प्रत्येकीचा दर दुसऱ्या प्रत्येकीत सांगायचा असेल, तर 45 दर लागतात. वस्तू 100 असतील तर 4,950. सूत्र n(n−1)/2 असं आहे. रुपयांत सांगितलं की 10 वस्तूंना 10 दर, 100 ला 100. संत्र्याचा दर तुरीत, तुरीचा कापसात, कापसाचा पुन्हा संत्र्यात असं कळमन्याच्या बाजारात कोणी पाठ करत नाही, ते यामुळे.

'हिशेबाचं साधन आहे म्हणजे ते हातात असलंच पाहिजे' हाही गैरसमज आहे. 25 पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून बाद झाली, तरी पेट्रोल पंपाच्या फलकावर लिटरचा भाव पैशांपर्यंत लिहिलेला असतो. उलट बाजू 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री दिसली. 500 आणि 1,000 च्या जुन्या नोटा, म्हणजे चलनातल्या नोटांच्या मूल्याचा सुमारे 86 टक्के भाग, रद्द झाल्या. सीताबर्डीच्या दुकानात शर्टाची चिठ्ठी दुसऱ्या दिवशीही 500 रुपयेच होती, पण जुन्या 500 च्या नोटेने तो शर्ट घेता येत नव्हता. रुपया मोजमाप म्हणून शाबूत होता, ती नोट माध्यम म्हणून गेली होती. 'नोटबंदीत पैशाचं मूल्यमापनाचं कार्य संपलं' असं लिहिणारे नोट आणि रुपया यांत गल्लत करतात.

राहिलं मूल्यसंचयाचं कार्य. इथे दोन टोकांच्या चुका होतात. पहिली, 'पैसा मूल्य जसंच्या तसं जपतो' असं लिहिणं. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्य 4 टक्के आहे. महागाई बरोबर तेवढीच राहिली तरी आज 100 रुपयांत येणारा माल दहा वर्षांनी सुमारे 148 रुपयांना येईल. कपाटातली शंभराची नोट तेव्हा त्या मालाचा दोन-तृतीयांश हिस्साच आणेल. संत्र्यापेक्षा नोट किती तरी बरी, कारण उन्हाळ्यात संत्री काही दिवसांतच मऊ पडून सडू लागतात. पण 'जास्त टिकतो' आणि 'मूल्य स्थिर राहतं' यांत फरक आहे.

दुसरी चूक, जे काही मूल्य साठवतं त्याला पैसा म्हणणं. बेसाच्या बाजूला घेतलेला प्लॉट दहा वर्षांत महागाईपेक्षा जास्त वाढू शकतो, तरी त्याचा कोपरा कापून मुलीची फी भरता येत नाही. आधी गिऱ्हाईक शोधा, भाव ठरवा, नोंदणी करा, मग रुपये हातात येतात. प्लॉट मूल्यसंचयाला चांगला, माध्यम म्हणून निकामी, आणि त्याची किंमतही रुपयांतच सांगितली जाते. उत्तरात तिन्ही प्रश्न प्लॉटला विचारून दाखवले, तर वेगळं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही.