रक्तदान शिबिराच्या पत्रकावरचा मजकूर कसा लिहावा

गेल्या वर्षी आमच्या शिबिरात टेबलाशी सगळ्यात आधी आलेला माणूसच परत गेला. तिशीतला, धडधाकट, पहिल्यांदाच रक्त द्यायला आलेला. डॉक्टरांनी विचारलं, "सकाळी काय खाल्लं?" तो म्हणाला, "काहीच नाही, रक्त द्यायचं म्हणून उपाशी आलो." लॅबमध्ये साखर तपासायला उपाशीपोटी बोलावतात, तसंच इथंही असेल असं त्यानं धरलं होतं. नाश्ता करून या म्हटल्यावर तो घरी गेला आणि पुन्हा आला नाही. आमच्या पत्रकावर पाहुण्यांची सात नावं होती, 'रक्तदान हेच जीवनदान' होतं, पण 'पोटभर खाऊन या' एवढं कुठंच नव्हतं. मजकूर मीच लिहिला होता.

तेव्हापासून मी पत्रक एकाच माणसासाठी लिहितो: ज्यानं कधीच रक्त दिलेलं नाही त्याच्यासाठी. नेहमीच्या रक्तदात्याला तारीख आणि जागा कळली की पुरे. नवख्याला मात्र घरी बसूनच ठरवायचं असतं की आपलं चालेल का, काय होईल आणि येण्याआधी काय करायचं.

यंदाचंच उदाहरण घेऊ. परभणी जिल्ह्यातलं एक गाव, आणि दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, १७ सप्टेंबर. १९४८ साली याच दिवशी निजामाची राजवट संपली, म्हणून सकाळी झेंडावंदनाला गाव शाळेच्या मैदानावर जमतंच. शिबिराला हा दिवस सोयीचा आहे. पण २०२६ मध्ये १७ सप्टेंबरला गुरुवार येतो, आणि आपल्याकडे गुरुवारचा उपवास करणारे खूप. उपवास असताना रक्त घेत नाहीत. त्यातच गणपतीचे दिवस, घरोघर महालक्ष्म्यांची धांदल. म्हणजे तारीख छापण्याआधी कॅलेंडर उघडून बघायचं आणि तारीख बदलता येत नसेल, तर उपवासाचं वाक्य पत्रकात ठळक टाकायचं.

आधी रक्तपेढीशी बोला

शिबिर परवाना असलेली रक्तपेढीच घेऊ शकते, मंडळ फक्त आयोजक असतं. म्हणून लेखणी उचलायच्या आधी रक्तपेढीकडून तीन गोष्टी पक्क्या करून घ्या: त्यांची माणसं किती वाजता पोचतील, खाटा किती लावतील आणि शेवटचा माणूस किती वाजेपर्यंत घेतील. आपण 'सकाळी ८ पासून' छापतो आणि गाडी १० वाजता येते. ८ वाजता आलेला शेतकरी काही दोन तास थांबत नाही. आमची वेळ झेंडावंदनानंतर ९.३० ते दुपारी २ अशी ठरली. पत्रकावर रक्तपेढीचं पूर्ण नाव घाला. रक्त कुठं जातं हा प्रश्न खेड्यात हमखास विचारला जातो, त्याचं उत्तर त्या एका नावात असतं.

तारीख लिहिताना वार आणि साल दोन्ही लिहा. पत्रकाचा फोटो मोबाईलवर वर्षानुवर्षं फिरत राहतो, आणि नुसतं 'गुरुवारी' असेल तर पुढच्या गुरुवारीही लोक फोन करतात. जागा लिहिताना 'जिल्हा परिषद शाळा' एवढ्यावर थांबू नका. शेजारच्या वाडी-तांड्यावरून येणाऱ्याला मारुतीचं मंदिर आणि खोली क्रमांक लागतो.

पात्रता: घरीच कळेल अशी

पात्रतेच्या यादीत दोन प्रकार असतात, आणि पत्रकावर ते मिसळले की घोटाळा होतो. एक म्हणजे जे माणसाला स्वतःचं स्वतःला माहीत असतं. वय १८ पूर्ण आणि ६५ पर्यंत, पहिल्यांदाच देणारा असेल तर ६० पर्यंत. वजन किमान ४५ किलो. आधी रक्त दिलं असेल तर पुरुषांना ३ महिने आणि स्त्रियांना ४ महिने झालेले हवेत. हे सगळं पत्रकावर यायला हवं.

दुसरा प्रकार तिथं गेल्यावर कळणारा: हिमोग्लोबिन १२.५ किंवा जास्त हवं, रक्तदाब आणि नाडी ठीक हवी. हे आकडे पत्रकावर टाकून उपयोग नाही, कारण आपलं हिमोग्लोबिन किती हे गावात कुणाला माहीत असतं? 'रक्त घेण्याआधी हिमोग्लोबिन व रक्तदाब तपासला जाईल' एवढं लिहा. स्त्रियांच्या रांगेत हिमोग्लोबिन कमी निघण्याचे प्रसंग जास्त येतात. पत्रकात आधीच सांगितलेलं असलं की परत जाणाऱ्या ताईला चारचौघांत नाकारल्यासारखं वाटत नाही.

मग 'या वेळी थांबा' अशी एक ओळ. इथं सगळी वैद्यकीय यादी ओतायचा मोह आवरा. आपल्या भागात, त्या महिन्यात जे खरंच घडतं तेवढंच घ्या. सप्टेंबर म्हणजे तापाचे दिवस: डेंग्यू, चिकुनगुन्या बरा होऊन ६ महिने आणि मलेरिया बरा होऊन ३ महिने व्हायला हवेत. जत्रेत हातावर नाव गोंदवलेली पोरं असतात, त्यांना १२ महिने थांबावं लागतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांचं रक्त घेत नाहीत. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना 'तुमचं चालणार नाही' असं परस्पर लिहू नका. इन्सुलिन घेणाऱ्यांचं रक्त घेत नाहीत, पण गोळ्यांवर प्रकृती स्थिर असेल तर घेता येतं, आणि तो निर्णय तिथल्या डॉक्टरांचा. त्यांना 'गोळ्यांचं पाकीट सोबत आणा' सांगा. तारीख ठरली की ही ओळ रक्तपेढीच्या डॉक्टरांना वाचून दाखवा, नियम बदलला असेल तर ते सांगतील.

धीर कसा द्यावा

'घाबरू नका' या शब्दांनी भीती जात नाही. नवख्याच्या मनात ठरावीक प्रश्न असतात, त्यांचीच उत्तरं द्या. किती रक्त काढतात? बहुतेक वेळा ३५० मिली, म्हणजे पाण्याच्या लिटरभर बाटलीच्या एक तृतीयांशाहून किंचित जास्त. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर असतं. किती वेळ? रक्त निघायला आठ-दहा मिनिटं, फॉर्म, तपासणी आणि नंतरची विश्रांती धरून पाऊण ते एक तास. सुई कुणाची वापरलेली तर नसते ना? पिशवी आणि सुई नवी, सीलबंद असते, एकासाठी वापरून टाकून देतात.

दुखणारच नाही, असं लिहू नका. सुई शिरताना टोचतं, हे प्रत्येकाला माहीत आहे. खोटं एक वाक्य सापडलं की बाकीची खरी वाक्यंही लोक मानत नाहीत. चक्कर येण्याचंही तसंच. तरुण आणि पहिल्यांदा देणाऱ्या काहींना घेरी येते, बहुतेकदा खाटेवरून झटकन उठल्यावर. ते लपवण्यापेक्षा उपाय लिहा: येण्याआधी नाश्ता करा, दोन-तीन ग्लास पाणी प्या, नंतर १५ मिनिटं बसून बिस्किट-चहा घ्या.

आणि एक प्रश्न फक्त आपल्याकडचा. मागच्या वर्षी एका मामांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "लेकरा, रक्त देऊन दुपारून कापसाला फवारणी केली तर चालंल का?" मी म्हटलं, "मामा, आज पंप पाठीवर घ्यायचा नाही, उद्या घ्या." अंगातला पाण्याचा अंश एक-दोन दिवसांत भरून येतो, तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात. म्हणून रोजचं हलकं काम चालतं, पण त्या दिवशी ओझं उचलणं, विहिरीत उतरणं, उन्हात फवारणी हे टाळायचं. रोजंदारीवर जगणाऱ्याला हे आधी कळलं तर तो त्या दिवसाचं काम ठरवू शकतो.

तयार मजकूर

हे सगळं मिळून आमचा मजकूर असा झाला:

> रक्तदान शिबिर
> गुरुवार, १७ सप्टेंबर २०२६ | सकाळी ९.३० ते दुपारी २
> जिल्हा परिषद शाळा, खोली क्र. १ व २ (मारुती मंदिराच्या मागे)
> रक्तसंकलन: (रक्तपेढीचे पूर्ण नाव)
>
> कोण देऊ शकतं? वय १८ ते ६५ (पहिल्यांदा देणारे ६० पर्यंत), वजन ४५ किलो किंवा जास्त. आधी दिलं असेल तर पुरुषांना ३ आणि महिलांना ४ महिने झालेले हवेत. रक्त घेण्याआधी हिमोग्लोबिन व रक्तदाब तपासला जाईल.
>
> या वेळी थांबा: ताप-सर्दी असेल, ६ महिन्यांत डेंग्यू किंवा चिकुनगुन्या, ३ महिन्यांत मलेरिया झाला असेल, वर्षभरात गोंदवलं असेल, गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर.
>
> उपाशी येऊ नका. उपवास असेल तर त्या दिवशी रक्त देऊ नका. नाश्ता करून, पाणी पिऊन या. गोळ्या चालू असतील तर पाकीट सोबत आणा.
>
> पहिल्यांदाच देताय? ३५० मिली रक्त, आठ-दहा मिनिटं. सुई नवी, सीलबंद. क्षणभर टोचेल. नंतर १५ मिनिटं बसा, चहा-बिस्किट घ्या. त्या दिवशी ओझं आणि फवारणी नको.
>
> संपर्क: (दोन मोबाईल क्रमांक)

पाहुण्यांची नावं हवीच असतील तर ती वेगळ्या फ्लेक्सवर जाऊ द्या. या मजकुरात ती आली की अक्षरं बारीक होतात, आणि मोबाईलच्या पडद्यावर 'उपाशी येऊ नका' हीच ओळ दिसेनाशी होते.

दोन गोष्टी मात्र मुद्दाम टाळा. एक, 'प्रत्येक रक्तदात्यास आकर्षक भेट'. भेटीच्या ओढीनं आलेला माणूस मागच्या महिन्यातला ताप किंवा कावीळ डॉक्टरांपासून लपवतो, आणि त्याचा त्रास रक्त घेणाऱ्या रुग्णाला होतो. दोन, 'एचआयव्ही व कावीळ तपासणी मोफत'. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग व मलेरियासाठी तपासणी होतेच. पण लागण झाल्यावर सुरुवातीचे काही दिवस ती तपासणीत दिसत नाही. शंका असलेला माणूस नुसती तपासणी करून घ्यायला शिबिरात आला तर नेमकी तशी पिशवी पुढे जाण्याचा धोका राहतो. अशा माणसासाठी सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची मोफत आणि गुप्त तपासणी असते.

डीटीपीवाल्याकडून प्रूफ आलं की आधी जोडाक्षरं बघा. जुन्या फॉन्टमधून मजकूर उचलला की 'क्र' आणि 'र्ष' हमखास तुटतात. मग छापलेले दोन्ही नंबर स्वतःच्या फोनवरून लावून बघा. शेवटी ज्यानं कधी रक्त दिलेलं नाही अशा एकाला पत्रक हातात द्या, परत घ्या आणि विचारा: कधी, कुठं, आणि येताना काय करायचं? मी शेजारच्या ताईंना विचारलं. तारीख, शाळा त्यांनी बरोबर सांगितली, पण म्हणाल्या, "गुरुवार आहे ना, मी साबुदाणा खाऊन आले तर चालंल ना?" उपवास असेल तर त्या दिवशी देऊ नका, ही ओळ त्यानंतर मजकुरात आली.

१७ तारखेला २ वाजले की गावच्या ग्रुपवर 'शिबिर संपले' असा संदेश टाका, नाहीतर संध्याकाळपर्यंत शाळेच्या फाटकाशी कुणीतरी येऊन उभं राहतं.