रिव्ह्यू काढायचा की ठेवायचा? या चुका टाळा

दुकानदाराची तक्रार आली की रिव्ह्यू उडवून मोकळं व्हायचं, ही दुकानांचे रिव्ह्यू दाखवणाऱ्या छोट्या प्लॅटफॉर्मला सगळ्यात महागात पडणारी सवय. सहाच रिव्ह्यू असलेल्या दुकानाला पाच जणांनी पाच आणि एकाने एक स्टार दिला, तर सरासरी साधारण ४.३ येते. तो एक काढला की थेट ५. शेकडो रिव्ह्यू असतील तिथे हे खपून जातं, इथे लगेच डोळ्यावर येतं.

समजा, दुरुस्तीच्या दुकानाबद्दल कोणी लिहिलं: ‘मिक्सर दिला, आठ दिवस हेलपाटे घातले, घरी आणल्यावर दुसऱ्याच दिवशी बंद. मालक चोर आहे. हा त्याच्या घरचा नंबर, सगळ्यांनी फोन करून झापा.’ मालक कळवतो, ‘हे धादांत खोटं आहे, काढा.’

इथे पहिली चूक म्हणजे खरं-खोटं करत बसणं. तुम्ही तिथे नव्हता, आणि मालक ‘खोटं’ म्हणाला म्हणून काही सिद्ध होत नाही. एकेक वाक्य नियमाला लावून बघा. मिक्सरचं वाक्य हा स्वतःचा अनुभव आहे, तो राहतो. मालकाला त्याखाली उत्तर लिहू द्या. ‘चोर आहे’ हा गुन्ह्याचा आरोप आहे, तो चालत नाही. ‘पार्ट न बदलता पैसे घेतले’ असं लिहिलं असतं, तर ती घडलेली गोष्ट म्हणून चाललं असतं. खासगी नंबर मात्र एक मिनिटही दिसता कामा नये.

मग नेमकी ती दोन-तीन वाक्यं स्वतःच कापायचा मोह होतो. ते करू नका, कारण मग लेखकाच्या नावाखाली तुम्ही संपादित केलेला मजकूर दिसतो आणि जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. अख्खा रिव्ह्यू लपवा, डिलीट करू नका. लेखकाला खटकलेली वाक्यं आणि नियमाचा क्रमांक कळवा, दुरुस्तीसाठी सात दिवस द्या. तोवर त्याचा स्टार सरासरीत धरू नका. मूळ मजकूर, वेळ, नियम आणि निर्णय कोणी घेतला, एवढं नोंदवून ठेवा. दोन महिन्यांनी कोणी जाब विचारला तर हीच नोंद कामाला येते.

फ्लॅगचा, म्हणजे रिव्ह्यूवर ‘तपासणी बाकी’ अशी खूण लावण्याचा, वापर ‘नंतर बघू’ म्हणून होतो, तेही चूक. पुराव्याची वाट बघायची असेल तरच फ्लॅग लावा. उदाहरणार्थ, तासाभरात चार नव्या खात्यांवरून एकाच दुकानाला पाच-पाच स्टार आले, तर चौघांकडे बिल किंवा भेटीची तारीख मागा आणि मुदत संपल्यावर निकाल लावा.

बहुतेक गोंधळाचं मूळ नियमाच्या शब्दांत असतं. ‘असभ्य भाषा चालणार नाही’ याचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या परीने लावतो. वीस जुने रिव्ह्यू दोघांना वेगवेगळे तपासायला द्या. जिथे निर्णय जुळत नाहीत, तिथे नियमाचे शब्द बदला आणि खाली एक चालणारं, एक न चालणारं वाक्य जोडा. बदललेला नियम जुन्या रिव्ह्यूंना लागू होतो की नाही, हेही तिथेच तारखेसह लिहा.