डिस्चार्जच्या अर्जासाठी चार्जशीट वाचताना या चुका टाळा

इंदूरच्या जिल्हा न्यायालयात चालान, म्हणजे चार्जशीट, सादर झालं की पक्षकाराच्या घरचे लोक प्रतींचा गठ्ठा घेऊन येतात, आणि ज्युनियर वकील लाल पेन घेऊन त्यातल्या विसंगती शोधायला बसतो. वेळ जुळत नाही, पंचाचं वय दोन ठिकाणी वेगळं, एका पानावर खाडाखोड. संध्याकाळपर्यंत पंचवीस-तीस मुद्दे निघतात आणि ते सगळे डिस्चार्जच्या, म्हणजे खटला चालण्याआधीच आरोपीला मुक्त करण्याच्या, अर्जात जातात. ‘आरोप तर्क’च्या, म्हणजे आरोप निश्चितीवरच्या युक्तिवादाच्या, तारखेला सरकारी वकील एडीपीओ उभे राहतात, ‘ये सब साक्ष्य का विषय है’ एवढं म्हणतात, आणि अर्ज फेटाळला जातो. विसंगती खऱ्या असूनही असं होतं. कारण विसंगती आणि उणीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि डिस्चार्ज मिळतो तो बहुतेक वेळा उणिवेवर.

एक प्रकरण उदाहरणादाखल घेऊ. रात्री घर फोडून सोन्याची चेन आणि रोकड चोरीला गेली. पाच दिवसांनी पहिला आरोपी पकडला. त्याने कोठडीत मेमोरेण्डम, म्हणजे पोलिसांनी लिहून घेतलेलं कथन, दिलं की चेन त्याने जुन्या शहरातल्या एका लहान सराफाला विकली. पोलिसांनी दुकानातून वितळवलेल्या सोन्याची छोटी लगड जप्त केली आणि सराफाला भारतीय न्याय संहितेच्या कलम 317(2) खाली, म्हणजे चोरीचा माल घेतल्याबद्दल, आरोपी केलं. आपला पक्षकार हा सराफ.

पहिली चूक: सारांश वाचून मत बनवणं

चालानाच्या शेवटी विवेचकाने, म्हणजे तपास अधिकाऱ्याने, लिहिलेला सारांश असतो. त्यात वाक्य येतं, ‘आरोपी ने चोरी का माल जानते हुए क्रय किया’. वाचताना वाटतं, हा पुरावा आहे. तो पुरावा नाही, विवेचकाचा निष्कर्ष आहे. म्हणून सारांश बाजूला ठेवावा आणि कलमापासून सुरुवात करावी. 317(2) साठी तीन गोष्टी लागतात: माल चोरीचा असणं, तो आरोपीने अप्रामाणिकपणे घेणं किंवा ठेवणं, आणि तो चोरीचा आहे हे त्याला माहीत असणं किंवा तसं मानायला सबळ कारण असणं. एका कागदावर या तीन ओळी लिहा आणि प्रत्येकीसमोर चालानातला कागद आणि पान क्रमांक लिहीत जा. ज्या ओळीसमोर काहीच लिहिता येत नाही, तिथे उणीव आहे. आरोपी चार असतील तर चार वेगळे कागद करा. एकाच्या विरुद्धचं साहित्य नकळत दुसऱ्याच्या खात्यात जमा होणं ही फार नेहमीची गोष्ट आहे.

आपल्या प्रकरणात हा कागद भरला की चित्र असं दिसतं. ‘माहीत असणं’ या ओळीसमोर एकच नोंद येते: पहिल्या आरोपीचं मेमोरेण्डम, ज्यात तो म्हणतो की चेन चोरीची आहे हे त्याने सराफाला सांगितलं होतं. आता हे वाक्य कायद्याच्या चाळणीतून काढा. पोलिसांपुढचा कबुलीजबाब भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 खाली सिद्ध करता येत नाही. त्याच कलमातला अपवाद, म्हणजे जुनं कलम 27, फक्त तेवढ्या भागाला लागू होतो ज्यामुळे एखादी वस्तू प्रत्यक्ष सापडली. ‘चेन अमक्या दुकानात विकली’ हा भाग फार तर त्या अपवादात बसेल. ‘चोरीची आहे असं सांगून विकली’ या वाक्यामुळे काहीही सापडलेलं नाही, म्हणून ते गळतं. सहआरोपीच्या कबुलीबद्दल कलम 24 आहे, पण तिथेही आधी कबुली सिद्ध व्हावी लागते, आणि पोलिसांपुढची ती होत नाही. म्हणजे ती ओळ रिकामी राहिली. अर्जाचा मुख्य मुद्दा हाच. तो पहिल्या पानावर आला पाहिजे.

दुसरी चूक: प्रत्येक विसंगती अर्जात ओतणं

याच चालानात आणखी एक गोष्ट सापडते. मेमोरेण्डमवर वेळ आहे दुपारी 4.30 आणि दुकानातल्या जप्ती पत्रकावर 3.45. म्हणजे माहिती देण्याआधीच माल सापडला. असं काही दिसलं की कुणालाही ते अर्जात घालायची घाई होते. जरा थांबावं.

आरोप निश्चितीच्या टप्प्यावर न्यायालय चालानातलं साहित्य वरवर पाहता खरं धरून चालतं. प्रफुल्लकुमार सामल प्रकरणात 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की न्यायाधीशाला साहित्य थोडंफार चाळता येतं, पण खटला चालवल्यासारखी छाननी करता येत नाही. वेळेतला पाऊण तासाचा फरक लेखनिक चूक आहे की बनावट जप्ती, हे विवेचक साक्षीला उभा राहिल्याशिवाय ठरत नाही. त्यामुळे या मुद्द्यावर डिस्चार्ज मिळण्याची शक्यता कमी. उलट नुकसान मोठं: अर्ज वाचून विवेचक सावध होतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 193(9) खाली पुढचा तपास करून पूरक चालान देता येतं, आणि खटला सुरू होण्यापूर्वी तर त्यासाठी न्यायालयाची परवानगीही लागत नाही. उलटतपासणीत ज्याने साक्षीदार निरुत्तर झाला असता, तो मुद्दा आपणच आधी दुरुस्त करून देतो. म्हणून माझ्या मते वेळेचा मुद्दा अर्जात लिहूच नये. तो आपल्या डायरीत, विवेचकाच्या उलटतपासणीच्या पानावर लिहून ठेवावा.

जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण नसणं हाही तसाच मुद्दा आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायला हवं. ते नसेल तर जप्तीवर शंका घेता येते. पण तेवढ्यावर आरोप निराधार ठरवून घेण्याची अपेक्षा ठेवू नये.

मग कुठली विसंगती अर्जात घ्यावी? मी एकच कसोटी लावतो: सरकार पक्षाचे दोन्ही कागद शब्दशः खरे मानले तर गुन्ह्याचा एखादा घटक कोसळतो का? फरियादीच्या कथनाचं पाहा. एफआयआरमध्ये फक्त ‘एक सोन्याची चेन’ आहे, वजन नाही, खूण नाही, बिल नाही. जप्तीनंतर तीन दिवसांनी घेतलेल्या पूरक कथनात फरियादी म्हणतो, ‘जप्त सोना मेरी चेन का ही है’. लगडीवर ना कडी, ना हॉलमार्क, ना घडणावळ. ओळख पंचनामा नाही. दोन्ही कागद खरे धरले तरी ही लगड त्याच चेनची हे कुठूनही दाखवता येत नाही. ही विसंगती आता उणीव बनली आणि तिची जागा अर्जात आहे. लगडीचं वजन चेनपेक्षा कमी वाटतं यावर मात्र जोर देऊ नये. सोनं वितळवताना घटतं, अर्धा भाग विकलाही असू शकतो, आणि अशा कच्च्या मुद्द्याने पक्का मुद्दाही हलका होतो.

तिसरी चूक: सरकार पक्षाचं सगळ्यात मजबूत उत्तर विसरणं

एडीपीओंकडे एक चांगला मुद्दा असतो. साक्ष्य अधिनियमाच्या कलम 119 मधल्या उदाहरणाप्रमाणे, चोरीनंतर लवकरच ज्याच्या ताब्यात चोरीचा माल सापडतो तो चोर आहे किंवा त्याने जाणूनबुजून माल घेतला आहे असं अनुमान न्यायालय काढू शकतं, जोवर तो ताब्याचा खुलासा करत नाही. आपल्या प्रकरणात तर पाच दिवसच झाले आहेत. अर्जात याचा उल्लेखच नसेल तर रिकामी ओळ दाखवून आपण जे मिळवलं, ते या एका वाक्याने जातं.

उत्तर अर्जातच द्यावं. अनुमानाची पहिली पायरी ‘माल चोरीचा आहे’ ही, आणि लगडीच्या ओळखीच्या उणिवेमुळे तिथेच पाय टिकत नाही. दुसरी पायरी खुलाशाची. इथे जप्ती पत्रक पुन्हा बारकाईने वाचावं लागतं. त्याच्या तिसऱ्या ओळीत लिहिलं आहे: ‘दुकान का क्रय रजिस्टर एक नग’. आणि चालानाच्या दस्तऐवजांच्या यादीत हे रजिस्टर नाही. म्हणजे पोलिसांनी ते नेलं, पण सादर केलं नाही.

चौथी चूक: आपले कागद जोडणं

इथे पक्षकार खिशातून त्याच रजिस्टरची झेरॉक्स काढतो. विक्रेत्याचं नाव, ओळखपत्राचा क्रमांक, बाजारभावाने दिलेले पैसे, सगळं त्यात आहे. ती अर्जाला जोडावीशी वाटते. पण देवेंद्रनाथ पाढी प्रकरणात 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केलं आहे की आरोपाच्या टप्प्यावर आरोपीला आपला पुरावा पुढे करता येत नाही. ती झेरॉक्स बाजूला पडेल, आणि अर्ज बचावाच्या पुराव्यावर उभा आहे असंही दिसेल.

योग्य वाट चालानातूनच जाते. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी खटल्यांतल्या त्रुटींबाबत दिलेल्या निर्देशांनुसार, तपासात गोळा झालेले पण सरकार पक्ष ज्यांवर विसंबत नाही अशा कागदांची आणि वस्तूंची यादी आरोपीला द्यायला हवी. आधी ती यादी लेखी मागा आणि जप्ती पत्रकाचं पान दाखवा. रजिस्टर जप्त झालं हे सरकार पक्षाच्याच कागदावर आहे, त्यामुळे ते न्यायालयापुढे आणा असं म्हणणं म्हणजे बचावाचा पुरावा देणं नव्हे. तपास यंत्रणेने निर्विवाद दर्जाचं साहित्य दडवलं असेल तर आरोपाच्या टप्प्यावरही न्यायालय ते मागवू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये म्हटलं आहे. ही वाट अपवादाची आहे, म्हणून मागणी त्या एका रजिस्टरपुरतीच ठेवावी.

पाचवी चूक: दिवस न मोजणं

दंडाधिकाऱ्यापुढच्या पोलीस चालानाच्या प्रकरणात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 262 प्रमाणे डिस्चार्जचा अर्ज प्रती मिळाल्यापासून 60 दिवसांत करायचा आहे. सत्र न्यायालयातल्या प्रकरणात कलम 250 प्रमाणे ते 60 दिवस कमिटल झाल्यापासून, म्हणजे दंडाधिकाऱ्याने प्रकरण सत्र न्यायालयाकडे सोपवल्यापासून, मोजतात. जुन्या संहितेत अशी मुदत नव्हती, म्हणून मुरलेल्या वकिलांकडूनही हे निसटतं. प्रती अपुऱ्या किंवा न वाचता येण्यासारख्या असतील तर त्याच तारखेला तसा लेखी अर्ज द्या आणि ऑर्डरशीटवर नोंद करून घ्या. ‘सर्व प्रती मिळाल्या’ अशी सही आधी करून नंतर तक्रार केली तर ती ऐकली जात नाही. आणि सुवाच्य प्रतींची वाट बघत मूळ अर्ज रोखू नका. हाती आहे त्यावर मुदतीत अर्ज द्या, नंतर मिळालेल्या कागदावर लेखी युक्तिवाद जोडता येतो.

अर्जात चालानातली वाक्यं हिंदीत जशीच्या तशी, पान क्रमांकासह उतरवा. आदेशात त्या वाक्याला उत्तर द्यावं लागेल अशी मांडणी ठेवा. अर्ज फेटाळला गेला तर सत्र न्यायालयात रिव्हिजन करता येते, त्यासाठी 90 दिवसांची मुदत आहे. आदेशाच्या प्रमाणित प्रतीचा अर्ज त्याच दिवशी नकल शाखेत द्यावा.